नऊ टक्क्यांचं कर्ज, बारा टक्क्यांचा बोजा

शेअर दर्शनी किमतीपेक्षा कमी दरात विकायला कंपनी कायदा 2013चं कलम 53 मनाई करतं. कर्जरोख्यांना ही मनाई नाही. म्हणूनच ‘आज शंभराचा रोखा 95 रुपयांत घ्या, पाच वर्षांनी 110 रुपये परत घेऊन जा’ असा प्रस्ताव कंपनीला मांडता येतो. व्याजाचा दर कमी दिसतो आणि गुंतवणूकदारही खूश होतो. पण हिशेबाच्या वहीत या प्रस्तावाची खरी किंमत कुठे दिसते?

समजा, एका कंपनीने शंभर रुपयांचे 10 हजार कर्जरोखे याच अटींवर, 9 टक्के व्याजाने विकले. बँकेत साडेनऊ लाख आले. पाच वर्षांनी मात्र अकरा लाख द्यायचे आहेत. हा दीड लाखाचा फरक पहिल्याच दिवशी रोजकीर्दीत येतो. बँक खाते साडेनऊ लाखांनी आणि ‘कर्जरोखे विक्रीवरील तोटा’ हे खाते दीड लाखाने नावे होते. कर्जरोखे खाते दहा लाखांनी आणि ‘परतफेडीवरील अधिमूल्य’ खाते एक लाखाने जमा होते.

नवशिका इथेच अडखळतो. सवलतीचे पन्नास हजार तो लगेच नोंदवतो, पण अधिमूल्य पाचव्या वर्षी पाहू म्हणतो, कारण आज खिशातून काहीच जात नाही. पैसे पुढे जाणार असले तरी वचन आजच दिलेलं आहे. ते देणं आजच्याच ताळेबंदात दिसायला हवं. ही नोंद राहिली, तर चार वर्षं नफा फुगलेला दिसतो आणि पाचव्या वर्षी एक लाखाचा खर्च अचानक अंगावर येतो.

दीड लाखाचा तोटा एकदम सोसायचा नसतो. पाच वर्षं पैसा वापरायला मिळाला, त्याचीच ही किंमत आहे. जुन्या, सोप्या पद्धतीत दरवर्षी तीस हजार नफा-तोटा खात्यात टाकतात. नव्वद हजारांचं व्याज धरून वर्षाचा खर्च एक लाख वीस हजार होतो.

मोठ्या कंपन्यांना लागू असलेलं इंड-एएस 109 हे मानक आणखी नेमका हिशेब मागतं. त्यात कर्ज साडेनऊ लाखांवरच उभं करतात आणि ज्या दराने ते व्याज देऊन पाच वर्षांत बरोबर अकरा लाखांवर पोहोचेल, तो दर काढतात. इथे तो सुमारे 11.96 टक्के येतो. पहिल्या वर्षी व्याजाखेरीज सुमारे 23,600 रुपयांचा खर्च पडतो. कर्जाची रक्कम वाढत जाते तसा हा आकडाही वाढतो आणि पाचव्या वर्षी 37,100च्या घरात जातो. एकूण दीड लाखच, फक्त वाटणी वेगळी.

सोप्या पद्धतीत परतफेडीच्या दिवशी दहा लाखांचे कर्जरोखे आणि एक लाखाचं अधिमूल्य ही दोन्ही खाती नावे करून बँकेतून अकरा लाख दिले जातात. या नोंदीने नफ्याला धक्का लागला, तर मागच्या वर्षांत काहीतरी नोंदवायचं राहून गेलं आहे असं समजावं.