भोंगा अर्धा मिनिट ऐकू येतो

लसीकरणाची गाडी गल्लीतून जाते, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या बाईला त्यातलं नेमकं किती ऐकू येतं? हिशेब सोपा आहे. गावठाणात घरं दाटीनं असतात आणि भिंती आवाज अडवतात. भोंग्यातले शब्द दोन्ही बाजूंना साधारण पन्नास मीटरपर्यंत नीट कळतात असं धरू. म्हणजे गाडी तिच्या कानांच्या टप्प्यात शंभर मीटरभरच असते. ताशी १० किलोमीटर वेगानं हे अंतर ३६ सेकंदांत संपतं. चालकानं वेग ३० केला, तर बारा सेकंदच उरतात. तेवढ्यात नमस्कार होतो, खात्याचं नाव होतं आणि गाडी पुढच्या वळणावर जाते.

बरेच मजकूर कार्यालयात कागदावर लिहिले जातात आणि तिथंच ते फसतात. वाचणारा पहिल्या ओळीपासून वाचतो. भोंगा ऐकणारा मात्र मध्येच कुठेतरी ऐकू लागतो आणि मध्येच त्याचं ऐकणं तुटतं. आधी योजनेचं नाव, मग मान्यवरांचं आवाहन, मग रोगाची माहिती आणि शेवटी तारीख असा दोन मिनिटांचा मजकूर असेल, तर तारीख एखाद्याच गल्लीच्या नशिबी येते. बाकीच्यांना ‘लसीचं काहीतरी आहे’ एवढंच कळतं. म्हणून मजकूर कुठूनही ऐकला, तरी ‘कधी’ आणि ‘कुठे’ कानांवर पडलंच पाहिजे. त्यासाठी तो पंचवीस-तीस सेकंदांत संपावा आणि तारीख-ठिकाण त्यात दोनदा यावं.

तारखेचा एवढा आग्रह धरायला कारण आहे. गोवर-रुबेलाची लस गावात मुक्कामाला राहत नाही. सत्राच्या सकाळी ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून बर्फाच्या पॅकसह लसवाहक डब्यात येते आणि संध्याकाळी डबा परत जातो. ही लस भुकटीच्या रूपात असते. द्रावण मिसळून कुपी तयार केली, की ती चार तासांच्या आत वापरावी लागते. उरलेली टाकून द्यावी लागते. एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात. म्हणून मुलं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळात आली तरच लस सत्कारणी लागते. दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून आलेल्या आईला रिकाम्या हातानं परत जावं लागतं, आणि अशी एकदा परत गेलेली आई पुढच्या वेळी सहज येत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका गावाच्या वरच्या वाडीत गुरुवारी, १२ फेब्रुवारीला सत्र आहे. पाच वर्षांच्या आतली, गोवर-रुबेलाचा डोस राहून गेलेली मुलं बोलवायची आहेत. चालत्या गाडीसाठी मी असा मजकूर लिहीन:

‘वरच्या वाडीच्या लोकांनो, ऐका. गोवर-रुबेलाची लस. गुरुवारी, बारा तारखेला. मारुतीच्या देवळामागच्या अंगणवाडीत. सकाळी नऊ ते दुपारी दोन. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची, डोस राहिलेली मुलं घेऊन या. लस मोफत. पुन्हा ऐका. गुरुवार, बारा तारीख. मारुतीच्या देवळामागची अंगणवाडी.’

सावकाश वाचला, तर याला पंचवीसेक सेकंद लागतात. मध्ये चार-पाच सेकंद थांबून पुन्हा सुरू करायचं. पार्श्वसंगीत नको; कर्ण्यातून आधीच कर्कश येणारा आवाज गाण्याखाली बुडतो आणि सगळ्यात आधी आकडे हरवतात.

वाडीचं नाव पहिल्यांदा ठेवलंय, कारण संध्याकाळच्या शांततेत आवाज खालच्या वाडीतही पोचतो आणि तिथलं सत्र कदाचित शुक्रवारी असतं. एकच ध्वनिमुद्रण चार वाड्यांत फिरवण्याचा मोह इथं महागात पडतो. वाडी, वार, तारीख, ठिकाण आणि वेळ या पाच जागा प्रत्येक वाडीसाठी नव्यानं भरून नव्यानं बोलायला हव्यात.

तारखेसोबत वार हवाच. भोंग्यातून ‘एकवीस’ आणि ‘एकतीस’ यांत गल्लत होते; वार ती सावरतो. बुधवारचा बाजार असेल, तर ‘बाजाराच्या दुसऱ्या दिवशी’ हे शब्द घातले तरी चालतील. ‘उद्या’ आणि ‘परवा’ मात्र मुद्रित मजकुरात अजिबात नकोत. मंगळवारी संध्याकाळी केलेलं मुद्रण बुधवारी सकाळी वाजलं, की ‘परवा’ खोटं ठरतं.

ठिकाणाचंही तेच. ‘अंगणवाडी क्रमांक तीन’ हे नाव नोंदवहीत असतं, लोकांच्या तोंडी नसतं. मजकूर पक्का करण्याआधी आशाताईंना विचारावं, की तुमच्याकडे या जागेला काय म्हणतात. नवी शाळा, जुनी शाळा, वरची विहीर, चक्की, जे त्या म्हणतील तेच लिहावं. वाडीत बंजारा किंवा भिल्ल कुटुंबं असतील, तर तेवढाच मजकूर त्यांच्या बोलीत, त्यांच्यातल्याच बाईच्या आवाजात करून घ्यावा.

कार्ड, ताप, सर्दी यांविषयी चालत्या गाडीतून बोलू नये. ते पारावर किंवा चावडीपुढे गाडी थांबवून सांगावं. माता-बाल कार्ड आणा. हरवलं असेल तरी या. किरकोळ सर्दी-खोकला असला तरी मूल आणा, ताई बघून ठरवतील. लस दिल्यावर अर्धा तास तिथंच बसा. हेही दीड-दोन मिनिटांत आटोपावं आणि आधी व शेवटी तारीख-ठिकाण यावं.

अफवांचं उत्तर तर थांबलेल्या गाडीवरूनही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ‘या लसीनं वंध्यत्व येतं ही अफवा खोटी आहे’ हे वाक्य अर्धवट ऐकणाऱ्याच्या कानांवर ‘लसीनं वंध्यत्व येतं’ एवढंच पडतं. ज्यानं ती अफवा ऐकलीच नव्हती, त्याच्याही घरात ती भोंगाच नेऊन पोचवतो. शंका घेणाऱ्याला समोर बसून उत्तर द्यावं लागतं. ते काम आशाताई आणि आरोग्य सेविकेचं आहे, आणि त्यांना त्यासाठी वेळ मिळावा म्हणूनच तारीख सांगण्याचं काम गाडीनं उचलायचं.

फेरीची वेळ मजुरीवर ठरते. उद्या कामाला जायचं की नाही, हे घरात संध्याकाळी ठरतं. म्हणून आदल्या दोन दिवशी, लोक शेतातून परतल्यावर, साधारण सहा ते साडेसातला गाडी फिरवावी. सत्राच्या दिवशी सकाळी सातला आणखी एक फेरी करावी, पण तिचं मुद्रण वेगळं: ‘आज गुरुवार, आजच’. रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला कायद्यानं बंदी आहे आणि दिवसाही परवानगी लागते. ती आधीच काढून ठेवावी.

गाडी गावात शिरण्याआधी तासभर राखून एक चाचणी घ्यावी. मजकूर न पाहिलेल्या एका बाईला घरात बसवावं, दूरदर्शन संच चालू ठेवावा आणि गाडी ठरलेल्या वेगानं एकदाच समोरून न्यावी. मग दोनच प्रश्न विचारावेत: कधी? कुठे? तिला सांगता आलं नाही, तर आवाज मोठा करू नका. वेग कमी करा किंवा मजकुरातले शब्द काढा. सत्राच्या दिवशीही नाव नोंदवताना प्रत्येकीला ‘कशावरून कळलं?’ हे विचारून वाडीनिहाय खुणा कराव्यात. आशाताईंच्या राहिलेल्या मुलांच्या यादीत एखाद्या वस्तीची नावं असतील आणि दुपारी बारापर्यंत तिथून कुणीच आलं नसेल, तर तिकडे गाडी गेली होती का हे चालकाला लगेच विचारावं. दोन वाजायला अजून दोन तास असतात.