इतिहासाच्या धड्याचे फोटो तर काढले, पण त्यातून प्रश्नोत्तरांची कार्डं कशी करायची?

जिंतूर तालुक्यातलं येलदरी म्हटलं की पूर्णा नदीवरचं धरण आठवतं. पण याच गावातल्या पोराला विचारा, "आपला भाग स्वतंत्र कधी झाला?" उत्तर बहुतेक वेळा येतं १५ ऑगस्ट १९४७. ते चुकीचं आहे. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे तेरा महिन्यांनंतर.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा हा भाग शाळेच्या इतिहासात आहे. परीक्षा जवळ आली की धड्याचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरतात, गॅलरीत साठतात आणि तिथेच राहतात. या फोटोंची कार्डं केली, एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर, तर पाठांतर सोपं होतं. फक्त एक धोका आहे. कार्डावर चुकीची तारीख गेली तर तीच पक्की पाठ होते. म्हणून फोटोपासून कार्डापर्यंतचा रस्ता नीट समजून घेऊ.

पहिली पायरी : फोटो आणि मजकूर

एका फोटोत एकच पान घ्या. पुस्तक शिवणीपाशी दाबून सपाट करा, कारण पान वाकलं की तिथली अक्षरंही वाकतात आणि मोबाईलला ती वाचता येत नाहीत. खिडकीजवळ उजेड घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा. गुळगुळीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि त्याखालची ओळ जाते.

मग गूगल लेन्समध्ये फोटो उघडून मजकूर निवडायचा आणि कॉपी करायचा. संगणक असेल तर फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडला तरी खाली मजकूर मिळतो.

आता खरं काम सुरू होतं, ते म्हणजे तपासणी. देवनागरीत दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिलं ठिकाण आकडे. पुसट छपाईत १ आणि ९, ४ आणि ५ यांची अदलाबदल होऊ शकते. शब्द चुकला तर 'सस्थान' वाचून आपल्याला लगेच कळतं की 'संस्थान' हवं. पण १९४८ चं १९५८ झालं तर वाक्य तसंच सरळ वाचलं जातं आणि शंकासुद्धा येत नाही. म्हणून प्रत्येक तारीख मूळ फोटोशी बोट ठेवून ताडून बघा.

दुसरं ठिकाण चौकटी. पाठ्यपुस्तकात 'माहीत आहे का तुम्हांला?' अशी चौकट असते. तिचा मजकूर कधीकधी मुख्य परिच्छेदाच्या मधेच घुसतो आणि दोन वेगळ्या घटना एका वाक्यात चिकटतात. वाक्य अर्ध्यात दिशा बदलतंय असं वाटलं की फोटो पुन्हा बघा.

दुसरी पायरी : परिच्छेदाचे तुकडे

समजा, पानावरच्या माहितीचा सारांश असा आहे : निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात विलीन व्हायला नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे करार' झाला. कासीम रझवीच्या रझाकारांनी जनतेवर अत्याचार केले. स्वामी रामानंद तीर्थ यांनी लढ्याचं नेतृत्व केलं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

यावर "हैदराबाद मुक्तिसंग्रामाची माहिती सांगा" असं एकच कार्ड केलं तर ते कुचकामी आहे. सहापैकी चार गोष्टी आठवल्या तर उत्तर बरोबर धरायचं की चूक? ते ठरत नाही आणि कुठल्या दोन राहिल्या तेही कळत नाही. म्हणून नियम असा : एका कार्डावर एकच गोष्ट, आणि उत्तर एका दमात सांगता येईल एवढं.

"करार कधी झाला?" हा प्रश्नही अपुरा आहे. धडा ताजा असताना उत्तर येईल, पण महिन्याभराने इतर धड्यांची कार्डं त्यात मिसळली की कुठला करार ते कळणार नाही. करार कोणता, कोणाकोणात, हे प्रश्नातच यायला हवं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो १३ आणि १७ सप्टेंबरचा. महिना तोच, वर्ष तेच. दोन्ही तारखा वेगवेगळ्या पाठ करण्याऐवजी त्यांना जोडणारं तिसरं कार्ड करा : कारवाई सुरू झाल्यापासून कितव्या दिवशी निजाम शरण आला? पाचव्या. आता एक तारीख आठवली की दुसरी मोजून काढता येते.

तारखांसोबत एखादं 'का'चं कार्डही हवं. सैन्य पाठवलं, तरी त्याला 'पोलिस कारवाई' का म्हटलं? कारण भारत सरकारच्या भूमिकेनुसार हा दुसऱ्या देशाशी झालेला लढा नव्हता, तर देशांतर्गत प्रश्न होता. या मोहिमेचं सांकेतिक नाव 'ऑपरेशन पोलो' होतं. हे नाव मात्र वेगळ्या कार्डावर टाका.

तिसरी पायरी : कार्डं ॲपमध्ये

Anki नावाचं ॲप यासाठी खूप वापरलं जातं. एकेक कार्ड टाइप करत बसायची गरज नाही. साध्या नोटपॅडमध्ये एका ओळीवर एक कार्ड लिहा आणि प्रश्न-उत्तराच्या मधे अर्धविराम द्या :

```
#separator:Semicolon
भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार कधी झाला?;२९ नोव्हेंबर १९४७
हैदराबादवर पोलिस कारवाई कधी सुरू झाली?;१३ सप्टेंबर १९४८
ती सुरू झाल्यापासून कितव्या दिवशी निजाम शरण आला?;पाचव्या
रझाकार संघटनेचा नेता कोण?;कासीम रझवी
```

फाइल `.txt` म्हणून जपून ठेवा आणि एन्कोडिंग `UTF-8` निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसू शकतात. मग संगणकावरच्या Anki मध्ये `File` आणि त्यात `Import`. उत्तरात स्वल्पविराम चालेल, पण अर्धविराम आला तर पुढचा मजकूर तुटतो.

इथे आणखी एक खाचखळगा आहे. ॲपमध्ये आधीपासून असलेल्या कार्डाचा प्रश्न आणि नवीन ओळीतला प्रश्न शब्दशः सारखा असेल, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये जुन्या कार्डाचं उत्तर बदललं जातं. दोन धड्यांत "नेतृत्व कोणी केलं?" एवढाच प्रश्न असेल तर आधीचं उत्तर गेलंच म्हणून समजा. प्रश्न पूर्ण लिहिण्याचं हे दुसरं कारण.

फोन हातात नसेल तर?

घरात एकच मोबाईल असेल तर पाठकोऱ्या कागदाची कार्डं कापा आणि तीन डबे करा. पहिल्या डब्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या डब्यात जातं, चुकलं की थेट पहिल्यात. उत्तर मोठ्याने म्हणायचं आणि मगच कार्ड उलटायचं. आधीच उलटून "हे येत होतं की मला" म्हटलं तर ते नुसतं वाचन झालं.

कार्डं तयार झाली की धडा न वाचलेल्या कोणाच्या तरी हातात द्या. त्याला उत्तर नाही आलं तरी चालेल. पण "हे नेमकं कशाबद्दल विचारलंय?" असं त्याने विचारलं, तर ते कार्ड पुन्हा लिहायला घ्या.