पाकीट वाचताना : ३० टक्के चिकोरी म्हणजे किती?

‘मध्यम भाजणी, कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के, फिल्टरसाठी दळलेली.’ दक्षिणी पद्धतीच्या कॉफीच्या पाकिटावर साधारण एवढाच मजकूर असतो. एका वाचकाचा प्रश्न सोडवण्याजोगा आहे. तीसच टक्के चिकोरी असताना कपात तिचीच चव पुढे कशी येते?

पाकिटावरचे टक्के कोरड्या पुडीच्या वजनाचे असतात. पाण्यात काय उतरते, हे त्यावरून कळत नाही. चिकोरी म्हणजे भाजलेले मूळ. त्यातली इन्युलिन नावाची शर्करा भाजताना करपून गडद, गोडसर-कडू होते आणि पाण्यात सहज विरघळते. चिकोरीचा निम्म्याहून अधिक भाग विरघळतो, कॉफीचा जेमतेम पाव. आता फिल्टरमध्ये २० ग्रॅम पूड घातली, तर तीत कॉफी १४ ग्रॅम आणि चिकोरी ६ ग्रॅम. कॉफीतून सुमारे साडेतीन ग्रॅम अर्क उतरतो आणि चिकोरीतूनही जवळजवळ तेवढाच. कपात दोघींचा वाटा बरोबरीचा होतो. कॅफीन मात्र त्या १४ ग्रॅममधूनच येते, चिकोरीत ते नसते. म्हणून डिकॉक्शन काळेभोर दिसले तरी तरतरी त्या मानाने कमीच.

भारतात अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. ५३ टक्के कॉफी आणि ४७ टक्के चिकोरी अशी पाकिटे स्वस्त मिळतात. वरचाच हिशेब लावला तर त्यांच्या कपात चिकोरीचा अर्क कॉफीच्या दुप्पट भरतो.

पूड किती बारीक दळायची, हेही चिकोरीवर ठरते. ती पाणी पिऊन फुगते आणि वरच्या भांड्याच्या भोकांपाशी थर धरते. थेंब सावकाश पडतात, डिकॉक्शन दाट येते. दोन भांड्यांच्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरला हेच हवे असते. पण चिकोरी ४० टक्क्यांच्या पुढे आणि पूड मैद्यासारखी असेल, तर थेंब तासभर अडून राहतात. वरची चकती जोरात दाबली की आणखीच. उलट पाच-दहा मिनिटांत सगळे पाणी खाली आले, तर दळण जाड आहे.

फ्रेंच प्रेसला भरड आणि बिनचिकोरीची पूड लागते. फिल्टरची पूड त्यात घातली की तळाशी चिखल होतो. एस्प्रेसोच्या यंत्रात तर चिकोरी घालूच नये, फुगलेला थर पाण्याची वाट बंद करतो.

सुट्या पुडीवर काहीच छापलेले नसते. ती चिमूटभर थंड पाण्यावर भुरभुरावी. कॉफीचे कण बराच वेळ तरंगतात. चिकोरी लगेच बुडते आणि मागे तपकिरी रेघ सोडत जाते. चिकोरी आहे की नाही, एवढेच यातून कळते. प्रमाण कळत नाही.