विश्लेषण : मालिकेतले पात्र नेमके कुठले? ‘मला’, ‘माका’, ‘मले’ की ‘मना’?

संध्याकाळी घरात मालिका सुरू झाली, की पहिल्या दोन-चार भागांत एक प्रश्न हमखास निघतो : ही बाई कुठली दाखवली आहे? पडद्यावर गावाचे नाव येते, एसटीची पाटीही दिसते, पण पात्र बोलू लागले की गोंधळ होतो. रायगड जिल्ह्यातल्या तळ्यासारख्या गावातल्या प्रेक्षकाला हा गोंधळ जास्त जाणवतो. पडद्यावर ‘गावाकडचे’ म्हणून जे बोलले जाते, ते त्याच्या गावाकडचे जवळपास कधीच नसते.

पडद्यावरचे ‘गावठी’ येते कुठून?

‘लई’, ‘न्हाय’, ‘व्हय’, ‘म्या’, ‘काय झालंया’ ही मालिकांतली नेहमीची गावठी भाषा आहे. ती बनावट नाही, पण ती साऱ्या महाराष्ट्राची नाही. ती देशावरची, मुख्यतः सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातली आहे. तिला पडद्यावर मान मिळाला त्याला इतिहास आहे. बाबूराव पेंटर यांनी 1917 मध्ये कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पुढे भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओमुळे हे शहर मराठी चित्रपटाचे मोठे केंद्र झाले. ‘सांगत्ये ऐका’पासून (1959) तमाशापटांची लाट आली आणि चित्रपटातले खेडे म्हणजे देशावरचे खेडे, असे समीकरण पक्के झाले. मालिकांनी तेच उचलले.

जिथे कथाच त्या भागातली असते, तिथे हे शोभते. ‘तुझ्यात जीव रंगला’ (2016) कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात चित्रित झाली, तर ‘लागिरं झालं जी’ (2017) सातारा जिल्ह्याच्या पार्श्वभूमीवरची होती. अडचण येते ती कथा दुसरीकडची असताना.

मग कोकणातली पात्रे मालवणीच का बोलतात?

पात्र कोकणातले आहे असे ठरले, की त्याला मालवणी दिली जाते. त्यामागेही मोठे यश आहे. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ 1980 मध्ये रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी ते घरोघरी पोहोचवले. मालवणी समजायला अवघड नाही आणि ऐकायला मजा येते, हे तेव्हा सिद्ध झाले. टीव्हीवर ‘रात्रीस खेळ चाले’ने (2016) तेच पुन्हा दाखवले. मालिकेतले नाईकांचे घर सावंतवाडीजवळच्या आकेरीचे होते, म्हणजे मालवणी तिथे योग्यच होती. सगळ्या पात्रांच्या तोंडी ती सारखी नव्हती. गावात राहणारे मालवणी बोलत आणि मुंबईहून आलेली नीलिमा प्रमाण मराठी. त्यामुळे नागपूरच्या प्रेक्षकालाही कथा समजत राहिली.

पण सावंतवाडी हे कोकणाचे दक्षिण टोक आहे. मुंबई-गोवा महामार्गावरच्या इंदापूरहून आत वळले की तळा लागते. तिथून सावंतवाडी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तळ्याच्या माणसाला ‘खय’ आणि ‘झिल’ हे शब्द नाटक-मालिकांमुळे कळतात, घरात ऐकल्यामुळे नव्हे.

पात्र कुठले, हे कशावरून ओळखायचे?

शब्दांवरून ओळखायला गेले तर फसगत होते. शब्द उसने घेता येतात. ‘भावा’ आणि ‘नाद खुळा’ आज सगळीकडे चालतात. जे सहज उसने घेता येत नाही, ते व्याकरणाचे बारीक तुकडे. त्यातला सर्वांत उपयोगी तुकडा म्हणजे ‘मला’.

एक साधे वाक्य घेऊ : ‘मला कळलं नाही, काय झालं?’ सातारकडचे पात्र म्हणेल, ‘मला कळलं न्हाय, काय झालं?’ नागपूर-वऱ्हाडकडचे म्हणेल, ‘मले समजलं नाही, काय झालं?’ मालवणी पात्र म्हणेल, ‘माका कळाक नाय, काय झाला?’ आणि अलिबाग-पेण-उरण पट्ट्यातले आगरी पात्र म्हणेल, ‘मना कलला नाय, काय झाला?’

यात तीन खुणा आहेत. पहिली म्हणजे ‘मला’चे रूप. ‘माका’ ऐकले की सिंधुदुर्ग, ‘मले’ ऐकले की विदर्भ किंवा खानदेश, ‘मना’ ऐकले की उत्तर कोकण. ‘मना’बाबत मात्र एक सावधगिरी हवी. खानदेशातल्या अहिराणीत ‘मना’ म्हणजे ‘माझा’. ‘मना भाऊ’ असे आले तर पात्र धुळे-जळगावकडचे आणि ‘मना सांग’ असे आले तर रायगड-ठाण्याकडचे. दुसरी खूण ‘झालं’ आणि ‘झाला’ यांची. नपुंसकलिंगी शब्दाशेवटचा अनुस्वार जाऊन तिथे ‘आ’ येणे, म्हणजे ‘काय झाला’, ‘घर बांधला’, हे किनारपट्टीचे लक्षण आहे. देशावर ते ऐकू येत नाही. तिसरी खूण ‘ळ’ची. आगरी-कोळी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो. त्या नियमाने तळ्याचे नावच ‘तला’ होते. वऱ्हाडीत याच ‘ळ’चा ‘य’ होतो आणि डोळा ‘डोया’ होतो.

मालवणी खरी की वरवरची, हे नकारावरून कळते. ‘तो आला नाही’ याला मालवणीत ‘तो येवक नाय’ म्हणतात. नुसते ‘माका-तुका’ पेरून बाकी वाक्य प्रमाण मराठीचे ठेवले असेल, तर अशा नकाराच्या वाक्यात ते उघडे पडते.

कोल्हापूरची एक खूणही लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या भागात अनेक मुली-बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे बोलतात. मालिकेतली कोल्हापूरची नायिका कायम ‘मी आले, मी जाते’ म्हणत असेल, तर तिची बोली संहितेत थोडी गुळगुळीत केली आहे असे समजावे.

तळ्याच्या पात्राला काय बोलायला द्यावे?

समजा, एका मालिकेत नायिका मुंबईत नोकरीला आहे आणि तिची आई तळा तालुक्यातल्या वाडीवर राहते. पावसाळ्याचे दिवस, लावणी सुरू आहे. मुलीचा फोन येतो. संहितेत आईचे वाक्य असे लिहिले जाण्याची शक्यता मोठी : ‘अगं पोरी, लई दिसांनी फोन केलास! काय झालंया? तुझा बा रानात गेलाय, म्या बी आत्ताच आले.’

हे वाक्य ऐकून प्रेक्षक आईला साताऱ्याची समजेल. ‘लई’, ‘झालंया’ आणि ‘म्या बी’ ही देशावरची रूपे आहेत. त्याहून मोठी चूक ‘रानात’ या शब्दात आहे. देशावर शेतीच्या जमिनीला रान म्हणतात, विदर्भात वावर म्हणतात. कोकणात रान म्हणजे जंगल. त्यामुळे तळ्याच्या प्रेक्षकाला वाटेल, की ऐन लावणीत बाप शेत सोडून जंगलात कशाला गेला?

हेच वाक्य थोडक्यात सुधारता येते : ‘काय गो, बरेच दिवसांनी फोन केलास! काय झाला? बापूस शेतावर गेलाय, आवण काढाला. मी आताच आले.’ मुख्य बदल चार आहेत. ‘अगं’ऐवजी ‘गो’, ‘झालंया’ऐवजी ‘झाला’, ‘बा’ऐवजी ‘बापूस’ आणि रानाऐवजी शेत. आवण म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपे आणि ‘काढायला’चे ‘काढाला’ होणे हीही याच पट्ट्याची खूण. यातला कोणताही बदल सोलापूरच्या प्रेक्षकाला अडवत नाही. न कळणारा शब्द एकच, ‘आवण’, आणि तो दृश्यात हातात दिसतो.

म्हणजे तळ्यात एकच बोली आहे का?

नाही, आणि मालिका लिहिणाऱ्यांची खरी परीक्षा इथे आहे. तळा तालुक्यात कुणबी, कोळी, बौद्ध, कोकणी मुस्लिम, कातकरी अशी वस्ती आहे. कोकणी मुस्लिम घरातली बोली वेगळी. कातकरींची भाषा तर स्वतंत्रच. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या मराठीवरच्या सातव्या खंडात (1905) कोकणातल्या आगरी, कोळी, कुणबी, संगमेश्वरी, बाणकोटी अशा बोलींची वेगवेगळी नोंद आहे. म्हणजे ‘कोकणी माणूस’ एकसारखा बोलत नाही, हे एका शतकापूर्वीच कागदावर आले आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत बोलींचे नव्याने सर्वेक्षण केले असून ते संकेतस्थळावर पाहता येते.

त्यामुळे ‘पात्र तळ्याचे’ एवढे सांगून भागत नाही. कोणत्या समाजातले, किती वयाचे आणि मुंबईला किती वर्षे राहिलेले, हेही ठरवावे लागते. साठीच्या आईच्या तोंडी ‘काय झाला’ हवे. तिची विशीतली मुलगी ऑफिसात ‘काय झालं’ म्हणेल आणि घरी फोनवर ‘काय झाला’. असा बदल दाखवणे ही चूक नव्हे, तेच खरे आहे.

मग मालिकांत बोली का निसटते?

मालिका रोज दाखवली जाते. चित्रीकरणाचा वेग मोठा असतो आणि पाने अनेकदा सेटवरच हाती येतात. कलाकार त्याच गावचा असेलच असे नाही, आणि तसा तो असायलाही हवा असे नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली नागपूरची राधिका साकारणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. तरीही तो नागपुरी ढंग महाराष्ट्रभर पोहोचला. सराव आणि चार-पाच पक्क्या खुणा असतील तर काम निभते.

बोली निसटते ती बहुधा दोन ठिकाणी. एक म्हणजे रडण्या-भांडण्याचे लांब प्रसंग. तिथे कलाकार भावनेकडे लक्ष देतो आणि स्वतःच्या सवयीच्या भाषेवर येतो. दुसरे म्हणजे नायिका सून होऊन शहरात येते ते वळण. तिथे बोली हळूहळू पुसली जाते आणि गडी, मोलकरीण किंवा विनोदी काका यांच्यापुरती उरते. तळ्याहून मुंबईला आलेल्या मुलीने चाळीत ‘काय झाला’ म्हटल्यावर शेजारी हसतात, त्याचे एक कारण हेच आहे. हे वाक्य त्यांनी टीव्हीवर ऐकले असेलच, तर ते हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी.

तेव्हा नवी मालिका सुरू झाली, की गावाच्या पाटीपेक्षा ‘मला’कडे आणि ‘झालं’कडे कान द्यावा. आणि पात्र खरोखर तिथले आहे का हे पाहायचे असेल, तर पहिल्या भागापेक्षा भांडणाचा भाग ऐकावा.