पावतीवरचं नाव

मुंबईत पागडीच्या खोलीचा भाडेकरू वारला, की पत्नीला दुःखासोबत घराचीही धास्ती वाटते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 7(15) नुसार मृत्यूसमयी सोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते. म्हणून मालकाला लिहिताना गयावया नको. पतीच्या मृत्यूची तारीख, खोली क्रमांक आणि ‘मी शेवटपर्यंत त्यांच्यासोबत इथेच राहत होते’ हे वाक्य मात्र हवंच. मृत्यू दाखला, रेशनकार्ड, जुनी भाडेपावती जोडावी. मुलंही तिथेच राहत असतील तर त्यांची लेखी संमती घ्यावी, कारण घरात एकमत नसेल तर निर्णय न्यायालयाकडे जातो.

नाव बदलेपर्यंत भाडं थांबवू नये. मालक घेईना तर मनीऑर्डर करावी. ती परत आली तरी जपून ठेवावी. भाडं द्यायची तयारी होती, याचा तो पुरावा असतो.