तीन ऑर्डर्स, दोनदा

‘तुमच्या एक्स्पोर्टमध्ये नोंदी दोनदा येतात’ एवढंच व्हेंडरच्या सपोर्टला कळवलं, की ‘पुन्हा करून बघा’ असं उत्तर येतं. आम्हालाही आलं. मग नीट पाहिलं. रात्री 2 वाजता ऑर्डर्स 500च्या पानांनी उतरतात, नवी आधी. पहिलं पान उतरल्यावर 3 नव्या ऑर्डर्स पडल्या, की सगळी रांग खाली सरकते आणि त्या पानाच्या तळाच्या तिघी दुसऱ्याच्या डोक्यावर पुन्हा दिसतात. दुसऱ्या मेलमध्ये त्यांचे `order_id`, पानांचे क्रमांक आणि सेकंदासकट वेळा दिल्या. पान क्रमांकाऐवजी ‘या आयडीच्या पुढच्या ऑर्डर्स द्या’ अशी सोय मागितली. तोवर दुबार नोंदी आयडी बघूनच गाळा, रक्कम बघून नको; सारख्या रकमेच्या दोन खऱ्या ऑर्डर्सही असतात.