‘कॅसाब्लांका’ हवाय? मग ‘गोरिला मॅन’ही घ्या!

१९५०च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला होता आणि दाखवायला कार्यक्रम पुरत नव्हते. हॉलिवूडचे जुने सिनेमे म्हणजे टीव्ही केंद्रांसाठी सोन्याची खाण. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूटीओपी केंद्राचा एका वितरकाशी सौदा झाला, त्यात ‘कॅसाब्लांका’ होता, ‘सार्जंट यॉर्क’ होता, ‘ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’ होता. पण हे सुटे मिळायचे नाहीत. घ्यायचा तर ९९ सिनेमांचा अख्खा गठ्ठा घ्यायचा आणि त्याचे १,१८,८०० डॉलर मोजायचे. त्या गठ्ठ्यात ‘गोरिला मॅन’, ‘टिअर गॅस स्क्वॉड’ आणि ‘टगबोट ॲनी सेल्स अगेन’ हेही आले. हिशेब केला तर सिनेमामागे सरासरी बरोब्बर १,२०० डॉलर पडतात.

सरकारनं अशा सहा वितरकांना कोर्टात खेचलं. नोव्हेंबर १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि तो वितरकांच्या विरोधात गेला. न्यायालयाचं म्हणणं तुम्हा-आम्हाला सहज पटेल असंच होतं. चांगल्या सिनेमाची मक्तेदारी हाताशी धरून भिकार सिनेमा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा, हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे.

पुढच्याच वर्षी शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी या निकालावर एक छोटंसं टिपण लिहिलं. (याच स्टिगलरना १९८२मध्ये नोबेल मिळालं.) त्यांचा सवाल अगदी साधा होता, पण त्यानं सगळ्यांची पंचाईत केली. गळ्यात मारून वितरकाला मिळतं काय?

जरा थांबून विचार करा. एखादं केंद्र ‘कॅसाब्लांका’ला जास्तीत जास्त ८,००० डॉलर द्यायला तयार आहे आणि ‘गोरिला मॅन’ त्याला फुकटही नकोय. मग दोन्हींच्या गठ्ठ्याला ते किती देईल? ८,०००च. एक डॉलर जास्त नाही. तेवढे तर वितरकाला नुसता ‘कॅसाब्लांका’ विकूनही मिळाले असते. म्हणजे गळ्यात मारण्यानं पदरात काहीच पडत नाही. तरीही सगळे वितरक तेच करत होते, कोर्टाच्या पायऱ्या चढायची वेळ आली तरी. का?

स्टिगलरनी दोन गिऱ्हाइकं कल्पिली. आपणही दोन केंद्रं घेऊ, अ आणि ब. मोठ्या सिनेमाला अ ८,००० देईल, ब ७,०००. फुटकळ सिनेमाला अ २,५०० देईल, ब ३,०००. दोघांच्या आवडीत फार अंतर नाही. फक्त एकाचा जीव मोठ्या सिनेमावर थोडा जास्त आहे, दुसऱ्याचा फुटकळ सिनेमावर.

आता तुम्ही वितरक व्हा आणि सुटे भाव लावा. मोठ्या सिनेमाला ८,००० मागितले तर एकटा अ घेईल. ७,००० मागितले तर दोघं घेतील आणि गल्ल्यात १४,००० येतील. हे बरं. फुटकळ सिनेमाला २,५०० मागितले तर दोघांकडून ५,०००. एकूण १९,०००. सुट्या भावांनी याच्या पुढे जाताच येत नाही, हवं तर करून बघा.

आता दोन्ही सिनेमे एकत्र बांधा. अ ला गठ्ठा १०,५००चा वाटतो, ब ला १०,०००चा. गठ्ठ्याचा भाव १०,००० ठेवला की दोघंही घेतात. एकूण २०,०००!

सिनेमे तेच, गिऱ्हाइकं तीच. कोणाची आवड बदलली नाही, कोणाला फसवलं नाही, दोघंही राजीखुशीनं घेतायत. मग हे वरचे हजार डॉलर आले कुठून?

ते गिऱ्हाइकांच्या खिशात लपलेले होते. सुट्या विक्रीत मोठा सिनेमा ७,०००ला गेला, म्हणजे अ चे हजार वाचले. फुटकळ सिनेमा २,५००ला गेला, म्हणजे ब चे पाचशे वाचले. दर वेळी भाव ठरला तो सगळ्यात कमी देणाऱ्यावरून, आणि गंमत म्हणजे दर वेळी कमी देणारा वेगळा होता. मोठ्या सिनेमात ब नं भाव पाडला, फुटकळ सिनेमात अ नं. गठ्ठा बांधल्यावर भाव पाडायची संधी एकदाच मिळते. एका सिनेमातला कमीपणा दुसऱ्यातल्या आवडीनं भरून निघतो आणि बेरजा जवळजवळ येतात, १०,५०० आणि १०,०००. अ च्या खिशात आता पाचशेच उरले, ब च्या खिशात काहीच नाही.

मला खरं आश्चर्य वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. प्रत्येकाकडून त्याच्या मनातला पुरेपूर भाव वसूल करायचा, तर एरवी विक्रेत्याला प्रत्येकाचं मन ओळखावं लागतं. अ कोण, ब कोण हे कळावं लागतं आणि एकाच मालाला दोघांना वेगवेगळा भाव सांगावा लागतो. तसं जमलं असतं तर २०,५०० मिळाले असते. इथे विक्रेत्याला समोरचा अ आहे की ब याचा पत्ताही नाही. सगळ्यांना एकच भाव, फळ्यावर लिहिलेला. तरी तो २०,०००पर्यंत पोचतो. गिऱ्हाइकांची वर्गवारी त्यानं केलीच नाही, त्यांच्यातला फरकच पुसून टाकला!

आता या यंत्राचा एकच स्क्रू फिरवून बघू. फुटकळ सिनेमाचे आकडे उलटे करा, अ ३,००० देईल आणि ब २,५००. बाकी सगळं तसंच. सुट्या विक्रीत पुन्हा १९,०००. गठ्ठा आता अ ला ११,०००चा आणि ब ला ९,५००चा वाटतो. ९,५००ला दोघांना विकला तर १९,०००. फायदा शून्य! दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि सगळी जादू गेली. कारण आता दोन्ही सिनेमांत भाव पाडणारा ब च आहे, एकाची कसर दुसऱ्यानं भरून निघत नाही.

म्हणून आवडी उलटसुलट हव्यात, असं लोक झटकन म्हणून मोकळे होतात. तेवढ्यानं भागत नाही. समजा अ मोठ्या सिनेमाला ८,००० देतो आणि फुटकळाला ५००. ब मोठ्याला २,००० आणि फुटकळाला ३,०००. आवडी तर अगदी उलट्या. सुट्या विक्रीत मोठा सिनेमा ८,०००ला एकट्या अ ला आणि फुटकळ ३,०००ला एकट्या ब ला विकायचा, ११,००० मिळतात. गठ्ठ्याच्या बेरजा ८,५०० आणि ५,०००. दोघांना ५,०००नं विकला तर १०,०००, एकट्या अ ला विकला तर ८,५००. गठ्ठा हरला! तेव्हा बघायच्या त्या बेरजा. बांधल्यावर त्या जवळ आल्या तर गठ्ठ्यात अर्थ आहे. फाकलेल्याच राहिल्या तर सुटा माल विकलेला बरा.

न्यूयॉर्कचं केंद्र आणि एखाद्या आडगावचं केंद्र यांच्या बेरजा जवळ येणं शक्यच नव्हतं. प्रेक्षकच इतके जास्त की न्यूयॉर्क प्रत्येक सिनेमाला जास्त देणार. म्हणून सिनेमे दाखवण्याचे हक्क शहरागणिक वेगळ्या दरानं विकले जात. जो फरक डोळ्यांना दिसतो तो दरानं निस्तरायचा, जो मनात असतो तो गठ्ठ्यानं.

आतापर्यंत आपण एक गोष्ट गृहीत धरली. सिनेमा एकदा तयार झाला की आणखी एका केंद्राला द्यायला खर्च जवळपास काही नाही. पण मालाला खर्च येत असेल तर?

दिवाळीचा फराळ घ्या. एका गिऱ्हाइकाला चकलीचं पाकीट १८० रुपयांचं वाटतं, अनारसे जेमतेम २०चे. दुसऱ्याला नेमकं उलट. आवडी उलट्या, बेरजा तंतोतंत सारख्या, २०० आणि २००. गठ्ठ्यासाठी याहून चांगली गिऱ्हाइकं शोधून सापडायची नाहीत. पण प्रत्येक पाकीट करायला १०० रुपये लागतात. सुटं विकलं तर चकली १८०ला एकाला, अनारसे १८०ला दुसऱ्याला, खर्च जाऊन हातात १६०. दोन्हींचा डबा २००ला विकला तर दोन डबे हातोहात खपतील, ४०० रुपये येतील आणि चार पाकिटांचा खर्चही ४००. हाती भोपळा! दुकान रिकामं, गल्ला खणखणता आणि नफा शून्य.

चूक कुठे झाली? ज्याला अनारसे २०चे वाटतात त्याच्यासाठी १०० रुपये खर्चून अनारसे तळले. पाकिटाचा खर्च कितीपर्यंत असेल तर डबा परवडेल, याचं गणित मांडा, उत्तर येतं २० रुपये. म्हणजे नावडत्या मालाला गिऱ्हाईक जेवढं मोल देतं, बरोबर तेवढंच! खर्च त्याच्या खाली असेल तर बांधा, वर असेल तर सोडा. विल्यम ॲडम्स आणि जेनेट येलन यांनी १९७६मध्ये ही खर्चाची बाजू नीट मांडली. सिनेमे, सॉफ्टवेअर, टीव्ही वाहिन्या यांचेच गठ्ठे एवढे का दिसतात, हे इथे लख्ख कळतं. आणखी एक प्रत द्यायला तिथे खर्चच नसतो.

त्या दोघांनी आणखी एक वाट दाखवली. गठ्ठाही ठेवायचा आणि सुटा मालही. ज्याला एकच वस्तू मनापासून हवी आणि दुसरी नकोच, तो चढ्या भावानं सुटी घेईल. मधलं सगळं गिऱ्हाईक गठ्ठ्याकडे वळेल. इथे सुट्या भावाला दोन कामं असतात. सुटं घेणाऱ्याकडून पैसे काढायचे आणि बाकीच्यांना गठ्ठा स्वस्त भासवायचा. कधी कधी तर पहिल्यापेक्षा दुसरंच काम मोठं होऊन बसतं.

भारतात हा खेळ २०१९मध्ये सगळ्यांनी पाहिला. ट्रायच्या नव्या नियमांमुळे प्रत्येक सशुल्क वाहिनीला सुटा भाव लावणं सक्तीचं झालं आणि १९ रुपयांहून महाग वाहिनी पॅकमध्ये घालायला बंदी आली. अनेक बड्या वाहिन्यांनी आपला भाव ठेवला नेमका १९ रुपये! सुट्या वाहिन्या निवडायची मुभा होती, पण आठ-दहा निवडल्या की बेरीज बघून माणूस मुकाट्यानं पॅक घ्यायचा. पॅकची किंमत गिऱ्हाईक सुट्या भावाशी ताडून बघतं, आणि सुटा भावही वाहिनीवाल्यांनीच ठरवलेला. म्हणूनच नोव्हेंबर २०२२च्या दुरुस्तीत ट्रायनं या दोन भावांमधल्या अंतरालाच वेसण घातली. पॅकमधल्या वाहिन्यांच्या सुट्या भावांची बेरीज करायची आणि त्यावर ४५ टक्क्यांहून जास्त सवलत द्यायची नाही.